सा वाजला की बेस गायब

गणपतीच्या आधीची गोष्ट. एका मंडळाच्या पोरांसाठी मी गाणं मिक्स केलं होतं. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत, हेडफोनवर, बेस छान पसरून वाजत होता. मग शिरोलीच्या गोडाऊनमध्ये साउंडवाल्याच्या बेस-टॉप स्पीकरांवर लावला. पंचमावर शटर खडखडायचं, सा आला की सगळं शांत.

"दादा, बेस गेला कुठं? हेडफोनात तर हाय की!" साउंडवाल्यानं विचारलं.

त्याच्या सिस्टिमवर डावा-उजवा आवाज एकत्र करून बेसला जात होता. मी लॅपटॉप उघडला, मोनोचं बटण दाबलं. माझ्याकडेही सा गेला.

चूक माझीच होती. बेस रुंद वाटावा म्हणून उजवीकडची प्रत मी 9 मिलिसेकंद उशिरा ठेवली होती. गाणं पांढरी सहाचं, खालचा सा 55 हर्ट्झ. त्याची एक लहर साधारण 18 मिलिसेकंदांची, म्हणजे 9 मिलिसेकंद ही जवळपास अर्धी लहर. एक बाजू वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. एकत्र केल्या की उरतं जवळजवळ शून्य. पंचम 82 हर्ट्झचा, त्याचा हिशेब असा जुळत नाही, म्हणून तो थोडाच कमी झाला.

घाईत मास्टरवर, म्हणजे अख्ख्या गाण्यावर, 120 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करून टाकलं. आता हेडफोनातूनही सा गेला! आणि ते बरोबरच होतं. मोनो करणं म्हणजे नुसती बेरीज; आधीच एकमेकांना खाणाऱ्या लहरी त्यानं वाचत नाहीत. दुरुस्ती बेसच्या ट्रॅकवरच करायला हवी होती.

मग मूळ बेस मधोमध एकटा ठेवला. उशिराच्या प्रतीतलं 120 च्या खालचं कापलं आणि तिचा आवाज 8 डेसिबलनं उतरवला, कारण 165 हर्ट्झलाही तीच काटाकाटी होते आणि एका स्पीकरच्या फोनवर ती ऐकू येते. मास्टरवरचा 120 चा मोनो राहू दिला, पण आता फक्त राखणीला. हा आकडा 250 वर नेऊन पाहिला, तर ढोलकीचा धुम्मा आणि हार्मोनियमचा खालचा भाग मध्ये गोळा होऊन गाणं अरुंद झालं. परत 120 वर आलो.

फोनचा छोटा स्पीकर 55 हर्ट्झ जवळपास वाजवतच नाही. तिथं मोनोचा उपयोग नाही. बेसला हलकं सॅच्युरेशन दिलं, म्हणजे 110 आणि 165 चे सूर उठून येतात आणि कान त्यावरून खालचा सा ओळखतो.

दुसऱ्या दिवशी परत शिरोली. साउंडवाल्यानं मास्टर फेडर चढवला. सा आला आणि शटर थरथरलं. त्यानं हात उंच केला, पण फेडर खाली आणला नाही. मंडळातल्या एकानं दाराबाहेर जाऊन तेच गाणं फोनवर लावलं, कानाला धरून ऐकलं आणि आत ओरडला, "इथंबी कळतंय!"