शिफ्ट अर्धी बाकी आणि क्यूत शून्य (एपी इनव्हॉइस प्रोसेसिंग, माझा अनुभव)

मी पुण्यात एका शेअर्ड सर्व्हिस सेंटरमधे अकाउंट्स पेएबलला आहे, दुपारी एक ते रात्री दहा शिफ्ट. क्लायंट मॅन्युफॅक्चरिंगवाला, इथलाच. सप्लायरची बिलं स्कॅन होऊन आमच्या क्यूत येतात, आम्ही ती पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर आणि जीआरएन म्हणजे माल आल्याची नोंद यांच्याशी जुळवून एसएपी या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधे पोस्ट करतो. महिनाअखेरीला श्वास घ्यायला वेळ नसतो, पण पाच-सहा तारखेच्या आसपास, किंवा प्लांटला सुट्टी लागून आली की संध्याकाळी साडेपाचलाच क्यू संपतो. नवीन पोरं विचारतात की मग करायचं काय, म्हणून लिहितेय.

आधी क्यू खरंच संपलाय का ते बघायचं. सकाळी कोणीतरी लावलेला प्लांटचा फिल्टर तसाच असतो, किंवा बिलं स्कॅन झालेली असतात पण ओसीआरच्या व्हेरिफिकेशनला अडकलेली असतात, म्हणजे मशीनला जीएसटीआयएन नाहीतर पीओ नंबर नीट वाचता आला नाही की ते बिल माणसाने बघेपर्यंत तिथेच पडून राहतं आणि आपल्याकडे येतच नाही. ओळखायची खूण सोपी आहे, शेवटचं बिल किती वाजता आलं ते बघा. रोज दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडी थोडी येतात आणि आज दीड तास एकही नाही म्हटल्यावर क्यू रिकामा नाहीये, वरून पाणी बंद झालंय. लगेच स्कॅनिंगवाल्यांना मेसेज टाकायचा.

खरंच संपला असेल तर टीम लीडला चॅटवर एक ओळ, "5:35 ला माझा क्यू झिरो, ब्लॉक्ड बिलं घेतेय." इथे लोक कचरतात. फ्लोअरवर भीती असते की क्यू रिकामा दिसला तर टार्गेट वाढवतील नाहीतर माणसं कमी करतील, मग शेवटची दहा बिलं दोन तास पुरवून पुरवून खाल्ली जातात. भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक बिलाला उघडल्याची आणि पोस्ट केल्याची वेळ सिस्टीममधे पडते, चार मिनिटांचं बिल पंचवीस मिनिटं उघडं दिसलं की क्वालिटीवाले तेच सॅम्पल उचलतात. त्यापेक्षा टाइमशीटला नॉन-प्रॉडक्शनमधे काय केलं ते सरळ लिहिलेलं बरं. आणि शेजारच्याच्या क्यूतली सोपी बिलं न विचारता ओढायची नाहीत, त्यावरून भांडणं झालेली बघितलीयत.

आता मुद्द्याचं. माझ्या क्यूत काही नाही याचा अर्थ एवढाच की माझ्या टेबलावर काही नाही. पोस्ट झालेली पण पेमेंटला अडकलेली बिलं पुढे पडून असतात, आणि प्लांटला पोचूनही आमच्याकडे न आलेली बिलं मागे कुठेतरी असतात. रिकामा वेळ मी या दोन ठिकाणी घालते.

पहिलं, ब्लॉक्ड बिलं. बिल पोस्ट करताना पीओचा रेट, जीआरएनची क्वांटिटी आणि बिल यात ठरलेल्या टॉलरन्सच्या बाहेर फरक असला तर एसएपी बिल घेतं पण त्यावर R असा पेमेंट ब्लॉक टाकतं. एसएपीच्या MRBR स्क्रीनमधे ही यादी दिसते, आणि कशामुळे अडकलंय, रेट की क्वांटिटी की तारीख, त्या कॉलममधे X असतो. बहुतेक जण रकमेवर सॉर्ट करून मोठं बिल आधी धरतात, मी तसं करत नाही. मी आधी सूक्ष्म-लघु उद्योगवाले सप्लायर वेगळे काढते आणि त्यातलं सगळ्यात जुनं आधी घेते. कारण एमएसएमई कायद्याप्रमाणे त्यांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, वर एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या इन्कम टॅक्सच्या नियमामुळे मुदत चुकली की तो खर्च पैसे प्रत्यक्ष ज्या वर्षी दिले त्याच वर्षी वजा मिळतो. मार्चमधे क्लायंटचे टॅक्सवाले ज्या यादीवरून आरडाओरडा करतात ती यादी अशाच रिकाम्या संध्याकाळी कमी करता येते.

एक केस नीट सांगते म्हणजे कळेल. एका छोट्या सप्लायरचं बेअरिंगचं बिल, 200 नग, 412 रुपये दर, म्हणजे 82,400 आणि 18 टक्के जीएसटी धरून 97,232. माल गेटवर येऊन 31 दिवस झालेले, करार 45 दिवसांचा. MRBR मधे क्वांटिटीखाली X. म्हणजे रेट बरोबर आहे, माल कमी नोंदलाय. मग ME23N मधे पीओ उघडला आणि त्या आयटमची पीओ हिस्टरी बघितली. तिथे मुव्हमेंट 101 ने, म्हणजे थेट स्वीकारलेले, 180 नग आलेले दिसले. बरेच जण इथेच थांबतात आणि "20 नग शॉर्ट, सप्लायरकडून क्रेडिट नोट मागवा" असा मेल ठोकून मोकळे होतात. पण त्याच हिस्टरीत खाली त्याच तारखेला 103 ने 20 नग होते. 103 म्हणजे माल आत घेतलाय पण जीआर ब्लॉक्ड स्टॉकमधे ठेवलाय, अजून स्वीकारलेला नाही, आणि बिल जुळवताना तो धरला जात नाही. स्वीकारला की त्यावर 105 पडतं, नाकारला तर 124 ने परत. इथे दोन्ही नव्हतं.

म्हणजे माल कमी आला नव्हता, निर्णय राहिला होता. मेल न टाकता मी सरळ स्टोअरला फोन लावला, कारण संध्याकाळी सहाच्या आत केला तर तिथला जनरल शिफ्टचा माणूस सापडतो, नंतर नाही. ते म्हणाले, "मॅडम ते एक खोकं ओलं होतं म्हणून बाजूला ठेवलेलं, क्यूसीने नंतर ओके दिलंय, नोट इथेच आहे फाइलला." मग एंट्री का नाही हे विचारून काही मिळत नसतं. मी त्यांना पीओ नंबर, आयटम नंबर आणि 103 चा डॉक्युमेंट नंबर मेल केला, क्यूसी नोटचा फोटो मागवून घेतला, आणि त्यांनी त्याच संध्याकाळी 105 मारलं.

105 पडलं की ब्लॉक त्याच क्षणी जातो असं नाही. आमच्याकडे रात्री MRBR चा ऑटोमॅटिक रिलीजचा जॉब चालतो, तो कारण मिटलेली बिलं शोधून R काढतो. दुसऱ्या दिवशी मी FBL1N मधे, म्हणजे सप्लायरच्या खात्याच्या स्क्रीनवर, सप्लायर टाकून बघितलं, ब्लॉकचा रकाना रिकामा, बिल गुरुवारच्या पेमेंट रनमधे गेलं. हे बघणं महत्त्वाचंय, कारण कधीकधी एकाच बिलाला क्वांटिटी आणि रेट दोन्हीचे X असतात आणि एक मिटवून माणूस निवांत होतो.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही, ती म्हणजे स्वतः हाताने ब्लॉक सोडणं. ज्याने बिल पोस्ट केलं त्यानेच सोडायचं नाही हा साधा कंट्रोल आहे. आमच्या आयडीला यादी फक्त बघता येते, पण काही ठिकाणी परवानगी चुकून उघडी राहिलेली असते, तरीही नाही. तसंच निवांत आहे म्हणून व्हेंडर मास्टर "साफ" करायला जायचं नाही, विशेषतः बँक अकाउंट बदलायची मेलवर आलेली विनंती. ते काम वेगळ्या टीमचं, आणि ते सप्लायरच्या आधीपासून रेकॉर्डला असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करतात, मेलमधे दिलेल्या नंबरवर नाही. फसवणूक तिथूनच होते.

दुसरं काम, मागे अडकलेली बिलं. यासाठी सप्लायरचं स्टेटमेंट घ्यायचं आणि FBL1N मधल्या ओपन आयटमशी ताडून बघायचं. आमच्या मेलबॉक्सला स्टेटमेंट येऊन पडलेलीच असतात, कोणी उघडत नाही. ज्याचा "पेमेंट कधी" म्हणून सारखा मेल येतो त्याचं आधी घ्यावं. फरक बहुतेक तीनच प्रकारचे निघतात: बिल आपल्याकडे आहे पण ब्लॉक आहे, आपण टाकलेली डेबिट नोट त्याने धरलेली नाही, किंवा बिल आपल्याकडे आलेलंच नाही. तिसरा प्रकार खरा कामाचा. ते बिल बहुतेक ड्रायव्हरने मालासोबत दिलेलं असतं आणि स्टोअरच्या जीआरएनच्या फाइलला लागून बसलेलं असतं, नाहीतर सप्लायरने खरेदीवाल्याच्या मेलवर पाठवलेलं असतं आणि तो सुट्टीवर. माल आलाय, जीआरएन झालंय, बिल नाही, अशी पीओ लाइन सापडली की पीओ नंबरसकट कॉपी मागवायची.

मात्र अशी मागवलेली कॉपी आली की घाईघाईत पोस्ट करू नका, डुप्लिकेट इथेच होतात. एसएपीचा डुप्लिकेट चेक रेफरन्स नंबर जसा टाइप केलाय तसाच बघतो, त्यामुळे आधी कोणी `INV/0456` टाकलं असेल आणि आता तुम्ही `INV-456` टाकलंत तर त्याला ती दोन वेगळी बिलं वाटतात आणि वॉर्निंग येत नाही. म्हणून मी रेफरन्सवर न शोधता सप्लायर आणि रकमेवर शोधते, ओपन आणि क्लिअर झालेले दोन्ही आयटम उघडून. तारीख आणि रक्कम तीच दिसली की जुन्या एंट्रीला लावलेलं स्कॅन उघडून शेजारी ठेवायचं.

हे सगळं करताना क्यूचा टॅब उघडा ठेवायचा आणि अधूनमधून रिफ्रेश मारायचा, कारण आमचा एसएलए, म्हणजे क्लायंटशी ठरलेली कामाची मुदत, क्यूवर मोजला जातो, या कामावर नाही. बिलं आली की हातातलं सोडून तिकडे जायचं. त्यामुळे मी अर्ध्यात सोडता येईल असंच काम घेते, एक ब्लॉक्ड बिल साधारण पंधरा मिनिटं, स्टेटमेंट असेल तर एकावेळी एकच सप्लायर. सोडताना शेअर्ड एक्सेलमधे बिलासमोर लिहून ठेवते, "103 चे 20 नग, 105 बाकी, स्टोअरला मेल 5:50, उद्या FBL1N बघणे." सकाळच्या शिफ्टवाली तिथून पुढे उचलते, तिला पुन्हा स्टोअरला तोच प्रश्न विचारावा लागत नाही, आणि स्टोअरवाले पण आपल्यावर वैतागत नाहीत.