पोलिंगची करवत अखेर बोथट झाली

माझी स्क्रिप्ट एपीआयला ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा भाव विचारते, तेच पोलिंग. बाजार शांत असेल तर 60 सेकंदांनी भाव विचारायचा, हलायला लागला की 2 सेकंदांनी, असं मागच्या वेळी ठरवलं होतं. नियम अगदी साधा होता. दोन रिक्वेस्टमध्ये भाव 5 बेसिस पॉइंटांपेक्षा (1 बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग) जास्त सरकला तर इंटरव्हल थेट 2 सेकंद, नाहीतर दुप्पट. आठवडाभराच्या लॉगवरून इंटरव्हलचा आलेख काढला, तर निव्वळ करवत दिसली: 2, 4, 8, 16, 32 आणि धाडकन परत 2. तीही अगदी मरगळलेल्या दुपारी! 60 पर्यंत गाडी एकदाही पोचली नव्हती.

दोन संध्याकाळी मी एपीआयलाच शिव्या घालत होतो. चूक माझ्याच हिशोबात होती. भावाची भटकंती वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एका सेकंदात साधारण 1 बेसिस पॉइंट हलणारा निवांत बाजार 16 सेकंदांत 4 हलतो आणि 32 सेकंदांत साधारण 5.7. म्हणजे मी जितका जास्त थांबणार तितका फरक मोठा दिसणार, आणि मीच माझी 5 ची मर्यादा ओलांडणार. बाजार झोपलेलाच होता, दचकत होतं ते माझं मोजमाप.

म्हणून आता फरकाचा वर्ग करून त्याला मधल्या सेकंदांनी, म्हणजे `dt` ने, भागतो, आणि त्याची घसरती सरासरी `var` मध्ये ठेवतो. सरासरीचं वजनही वेळेवरच ठरवावं लागतं. आधी प्रत्येक नमुन्याला सरसकट सारखं वजन दिलं होतं, त्यामुळे 2 सेकंदांच्या गतीत वीस सेकंदांपूर्वीचा धक्काही विसरला जायचा.

```python
import math

def update(var, mid, prev, dt):
    r = 10000 * math.log(mid / prev)
    a = 1 - math.exp(-dt / 90)
    var = (1 - a) * var + a * r * r / dt
    wait = 25 / max(var, 1e-6)
    return var, min(max(wait, 2), 20)
```

25 म्हणजे 5 चा वर्ग: दोन रिक्वेस्टमध्ये सरासरी 5 बेसिस पॉइंटच निसटावेत, एवढीच मागणी. `var` 1 असेल तर उत्तर 25 येतं आणि वरची मर्यादा त्याला 20 वर आणते. समजा त्या 20 सेकंदांत भाव 40 ने उडाला. 1600 भागिले 20 म्हणजे 80, त्यातला पाचवा हिस्सा सरासरीत शिरतो, `var` 17 च्या आसपास जातो आणि इंटरव्हल 2 वर आपटतो. नंतर बाजार पुन्हा थंडावला, तर मिनिटाभराने इंटरव्हल 3 सेकंदांच्या जरा आत असतो, तीन मिनिटांनी 8 आणि 20 वर परतायला साधारण सहा मिनिटं लागतात. मला हे हवंच होतं: धावायला लगेच, बसायला सावकाश. एका धक्क्यामागून दुसरा येतो हे लॉगमध्ये पुरेसं पाहिलंय.

एवढं करूनही एक स्क्रिप्ट 2 सेकंदांवर अडकूनच बसली. तिथे मी शेवटच्या सौद्याचा भाव वापरत होतो. बिड आणि आस्क, म्हणजे घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव, यांत 6 बेसिस पॉइंटांचं अंतर होतं. एक सौदा बिडवर, पुढचा आस्कवर. भाव जागचा हललेला नसताना माझ्या लेखी दर 2 सेकंदांनी 6 ची उडी. 36 भागिले 2, म्हणजे 18, म्हणजे उत्तर 1.4 आणि इंटरव्हल 2 वरच. एकदा वेगात गेलं की बाहेर पडायची वाटच नाही, कारण इंटरव्हल जितका लहान तितका हा खोटा खडखडाट मोठा. दोन्हींचा मध्य, `mid`, वापरला आणि गाठ सुटली. ओळखायची खूण सोपी आहे: लॉगमध्ये तेच दोन भाव आलटून पालटून दिसतात.

`dt` मात्र स्वतःच्या घड्याळाने मोजू नका, कोटवरच्या वेळेवरून घ्या. गडबडीच्या वेळी सर्व्हरही धापा टाकतो आणि तोच जुना कोट दोनदा देतो. वेळ तीच आली तर मी `update` बोलावतच नाही. नाहीतर `dt` शून्य होऊन भागाकारच कोसळतो, आणि स्वतःच्या घड्याळाने मोजला तर त्या कोटची नोंद ‘शून्य हालचाल’ अशी होते, नेमकी जेव्हा सगळ्यात जास्त हालचाल चालू असते. सर्व्हरकडून 429, म्हणजे ‘फार रिक्वेस्ट झाल्या’, असं उत्तर आलं तर `Retry-After` मध्ये सांगितलेले सेकंद गुपचूप थांबायचं, तिथे `var` चं काही चालत नाही.

वरची मर्यादा 60 वरून 20 वर का आणली? झोपेत असताना सुरू झालेला धक्का सरासरी अर्ध्या इंटरव्हलने उशिरा कळतो. अर्धा मिनिट मला परवडत नाही, 10 सेकंद चालतात. पण त्या 20 सेकंदांत भाव उडून पुन्हा जागेवर आला, तर दोन मिडमध्ये काहीच दिसत नाही. सूत्र कितीही घासलं तरी हे भोक बुजणार नाही. सध्या कोटसोबत चालू मिनिटाच्या कँडलचा उच्चांक-नीचांकही मागवतोय. मागच्या वेळेपेक्षा तो पल्ला 15 ने रुंदावला असेल तर मिड काहीही म्हणो, पुढचे दोन मिनिटं इंटरव्हल 2. मिनिट बदललं की पल्ला नव्याने सुरू होतो, ती तुलना वगळावी लागते. पहिल्याच दिवशी ती वगळायची राहिली होती.