रडून सुजलेले डोळे आणि साखरपुड्याची सकाळ

लेकीचं विमान अहमदाबादहून मध्यरात्रीनंतर सुटणार होतं आणि त्याच दिवशी सकाळी अकराला भाचीचा साखरपुडा होता, बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका हॉलमध्ये. तारखा अशाच जुळून आल्या, कुणाचा इलाज नव्हता. विमानतळावर ती आत जाईपर्यंत मी धीर धरला. येताना एक्सप्रेसवेवर मात्र बडोदा येईपर्यंत रडत होते. घरी पोचलो तेव्हा उजाडायला थोडाच वेळ होता. बाथरूमच्या आरशात बघितलं तर वरच्या पापण्या फुगून डोळ्यांवर उतरल्या होत्या, खाली पिशव्या होत्या आणि नाकाचा शेंडा लाल होता.

मला सुंदर दिसायचं नव्हतं. हॉलमध्ये प्रत्येकाने "काय गं, काय झालं?" विचारावं आणि मी भाचीच्या कार्यात पुन्हा रडायला लागावं, हे मला नको होतं. मेकअपचा मुखवटाही नको होता, कारण थापलेला चेहरा बघूनही माणसं तेच विचारतात.

माझी मावसबहीण बडोद्यातच नवरीच्या मेकअपची कामं करते. भाचीला तीच तयार करणार होती, म्हणून तिला फोन केला. तिने आधी काही सांगितलं नाही, उलट प्रश्न विचारले. दोन्ही डोळे सारखेच सुजलेत की एकच? दुखतंय का, खाज आहे का, चिकट पाणी येतंय का? नीट दिसतंय ना? एकच पापणी लाल, गरम आणि दुखरी असेल तर रांजणवाडी किंवा इन्फेक्शन असू शकतं, तिथे ती ब्रश लावत नाही, डॉक्टरांकडे पाठवते. खूप खाज असेल तर ॲलर्जी धरायची. रडण्याची सूज दोन्हीकडे असते, हाताला मऊ लागते आणि दुखत नाही. माझी तशीच होती. "मग तुझ्याकडे वेळ आहे," ताई म्हणाली, "आडवी मात्र होऊ नकोस."

मला नेमकं तेच करायचं होतं, तासभर पडायचं होतं. पण पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ असते आणि तिच्याखालचा भाग सैल असतो. रडताना तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, त्यातून पाणी झिरपतं आणि त्या सैल जागेत साठून राहतं. डोळे चोळले की ते आणखी वाढतं. सपाट झोपलं तर ते पाणी तिथेच राहतं, बसलं किंवा उभं राहिलं की हळूहळू खाली ओसरतं. म्हणून मी झोपाळ्यावर टेकून, मान सरळ ठेवून बसले आणि तसंच अर्धवट डुलकी घेतली. पाठीमागे दोन उशा लावल्या तरी चालतं, डोकं छातीपेक्षा वर असलं म्हणजे झालं.

मग गार पट्टी. एका भांड्यात पाणी आणि बर्फाचे खडे घेतले, त्यात जुना मलमलचा रुमाल बुडवून घट्ट पिळला आणि मिटलेल्या डोळ्यांवर नुसता ठेवला. दाबायचं नाही. रुमाल कोमट झाला की पुन्हा बुडवायचा. असं साधारण दहा मिनिटं, मग तेवढीच विश्रांती, मग परत. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि नवीन पाणी झिरपणं कमी होतं. बर्फ थेट पापणीवर लावायचा नाही, एवढ्या पातळ कातडीला तो भाजल्यासारखा लागू शकतो. फ्रीजरमधली मटारची पिशवी असेल तर ती कापडात गुंडाळून चालते, डोळ्याच्या खाचेत छान बसते. चमचे वापरायचे तर फ्रीजमध्ये ठेवलेले, फ्रीजरमधले नाहीत.

सासूबाईंनी काकडी कापून आणली. ठेवली, बरं वाटलं, पण काम गारव्याचंच होतं. टी-बॅग्जचंही बरंचसं तसंच आहे. आपल्याकडे तर सुटी पावडर असते, तिचे कण डोळ्यात जाण्यापेक्षा गार पाण्याचा रुमाल चांगला. गुलाबपाणी डोळ्यात घालायचं सुचवणारं कुणी ना कुणी घरात असतंच. ते मी ठामपणे नाकारलं, कारण ते डोळ्यात घालण्यासाठी निर्जंतुक केलेलं नसतं.

दोन पट्ट्यांच्या मधल्या वेळात ताईने सांगितल्याप्रमाणे अनामिकेने, अगदी पिसासारख्या हलक्या हाताने, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून खालच्या हाडावरून कानाच्या पुढच्या भागापर्यंत बोट फिरवलं. पापण्यांतलं साठलेलं पाणी जायचा रस्ता त्या बाजूला आहे. कातडी ओढली जात असेल तर जोर जास्त होतोय असं समजायचं.

रात्री हायवेवर आम्ही फरसाण आणि वेफर्स खाल्ले होते. मिठाने अंगात पाणी धरून राहतं, आणि ते सकाळी सगळ्यात आधी डोळ्यांखाली दिसतं. त्यामुळे सकाळी चहाबरोबर खारी घेतली नाही. साधं पाणी पीत राहिले, थोडा पोहा खाल्ला.

आता लालीचं. दीर म्हणाले, कपाटात सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे ड्रॉप्स शिल्लक आहेत, ते टाका. ती बाटली मी तिथेच कचऱ्यात टाकली. ऑपरेशननंतरच्या थेंबांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. डॉक्टरांना न विचारता ते घेत राहिलं तर डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं, शिवाय उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात फेकायचीच असते. लाली घालवणारे म्हणून जे थेंब दुकानात मिळतात ते रक्तवाहिन्या आकसवतात. काही तासांनी असर उतरतो आणि वारंवार वापरले तर लाली आधीपेक्षा जास्त परत येते. माझ्याकडे कॉम्प्युटरमुळे कोरड्या होणाऱ्या डोळ्यांसाठी डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रू होते, कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्केवाले. त्याचा एकेक थेंब टाकला. लाली पुरती जात नाही, पण रात्रभर जागून आलेली चुरचुर थांबते, आणि चुरचुर थांबली की हात डोळ्याकडे जात नाही. कॉन्टॅक्ट लेन्स लावल्या नाहीत, चष्माच घातला. जाड फ्रेमचा खालचा काठ पिशवीच्या रेषेवर येतो, ही त्यातली सोय.

नऊच्या सुमारास वरच्या पापणीची घडी पुन्हा दिसायला लागली. खालच्या पिशव्या अर्ध्यावर आल्या होत्या. पूर्ण जाणार नव्हत्या, कारण माझ्या आईसारखीच माझ्या डोळ्यांखाली थोडीशी चरबीची पिशवी कायमची आहे. पाण्याची सूज सकाळी जास्त असते आणि दिवस चढतो तशी उतरते. चरबीची पिशवी सकाळ-संध्याकाळ सारखीच राहते, तिला बर्फाने काही होत नाही.

हॉलवर भाचीचं आटोपल्यावर ताईने मला खिडकीसमोर बसवलं. तिने मुद्दाम उशीर केला होता. सूज दिवसभर उतरत जाते, त्यामुळे सुजलेल्या, ताणलेल्या कातडीवर सकाळी लवकर थर चढवला तर कातडी सैल पडते तसे त्या थराला तडे जातात आणि दुपारच्या फोटोत डोळ्यांखाली सुरकुत्यांची जाळी दिसते. म्हणून जेवढं उशिरा आणि जेवढं पातळ, तेवढं चांगलं.

तिने मला मान सरळ ठेवून आरशात बघायला सांगितलं. उजेड वरून पडला की फुगवट्यावर उजळ दिसतं आणि त्याच्या बरोबर खाली एक काळसर रेघ उमटते. आपल्याला थकलेलं दाखवते ती रेघ. बहुतेक बायका फिकट कन्सीलर फुगवट्यावर लावतात, आणि उजळ रंग पुढे आलेला दिसतो म्हणून पिशवी आणखी मोठी वाटते. ताईने बारीक ब्रशने माझ्या कातडीच्याच रंगाचं कन्सीलर फक्त त्या रेघेत भरलं आणि बोटाने टिपून टिपून कडा मिसळल्या. फुगवट्यावर काहीच लावलं नाही. आतल्या कोपऱ्यातल्या निळसर-तपकिरी डागावर आधी केशरी छटेचा करेक्टर, मुगाएवढा. पावडरचा जेमतेम एक स्पर्श, तोही रेघेच्या खाली.

वरच्या पापणीच्या फुगलेल्या भागावर तिने माझ्या रंगापेक्षा एक छटा गडद असा मॅट तपकिरी रंग मऊ ब्रशने फिरवला. चमक अजिबात नाही, चमकीवर उजेड पडला की सूजच पुढे येते. मी काजळ घालायला हात पुढे केला तर तिने थांबवलं. खालच्या पापणीत भरलेलं काळं काजळ सुजलेल्या डोळ्याला आणखी बारीक करतं, आणि थोडं पाणी आलं की पसरून आणखी थकवा दाखवतं. त्याऐवजी तपकिरी पेन्सिल वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांमध्ये दाबून लावली. रेघ अशी दिसलीच नाही, केस फक्त दाट वाटले. केस कर्लरने वळवले, मस्कारा फक्त वर, वॉटरप्रूफ. नकली पापण्यांचा प्रश्नच नव्हता. त्यांचा गोंद चिडलेल्या पापणीला सोसत नाही, आणि पाठवणीच्या रात्रीनंतर त्या लावल्या की डोळे परक्याचे वाटतात.

शेवटी तिने नाकपुड्यांच्या कडेला आणि नाकाच्या शेंड्यावर थोडं कन्सीलर टिपलं. हे मला कधी सुचलं नसतं. डोळे कितीही सावरले तरी लाल नाक रडणं सांगून टाकतं.

हॉलमध्ये आत्याने जवळ घेतलं आणि म्हणाली, "जागरण झालंय ना, दिसतंय. पोचली का पोर?" जागरण दिसलं, रडणं दिसलं नाही. एवढंच मला हवं होतं. ओटी भरताना डोळे एकदा भरून आले, तेव्हा टिश्यूची घडी खालच्या पापणीला नुसती टेकवून पाणी टिपलं, पुसलं नाही.

रात्री मस्कारा काढताना कापसाचा बोळा मेकअप रिमूव्हरमध्ये भिजवून मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट धरून ठेवला. वॉटरप्रूफ मस्कारा घासून काढायला गेलं तर दुसऱ्या सकाळी तीच सूज परत येते. जेवणात लोणचं-पापड टाळलं, डोक्याखाली दोन उशा घेतल्या. सकाळी उठले तेव्हा वरच्या पापण्या नेहमीसारख्या होत्या, आणि खाली फक्त आईकडून आलेली ती कायमची छोटी पिशवी. ताईने जाताना बजावलं होतं, की न रडता, नीट झोप होऊनही रोज सकाळी डोळे सुजायला लागले, त्यात पायांवरही सूज आली, तर पट्ट्या करत बसू नकोस, लघवीची आणि थायरॉइडची तपासणी करून घे.