झाकलेल्या टाकीत विष शिरलं कुठून?

"दादा, फिशटँक नीट झाकून घेतला होता. तरी सगळे मासे गेले." फोनवर ताईंनी आधी हेच सांगितलं. झुरळांचा विषय नंतर निघाला. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या कुणीतरी त्यांच्याकडे फवारणी केली होती आणि त्यानंतर त्यांनी औषधाचं नावच टाकलं होतं. आता स्वयंपाकघरात दिवसाढवळ्या झुरळं फिरायला लागली, म्हणून माझ्याकडे विचारणा. घरात पुन्हा भरलेला शंभर लिटरचा टँक, बाल्कनीत बजरीगरची जोडी आणि मुलाच्या खोलीत काचेच्या पेटीत एक लेपर्ड गेको, पालीच्याच नात्यातला.

अशा घरात मी पाहणीच्या दिवशी काम करत नाही. आधी फक्त बघून येतो.

मागच्या वेळी नेमकं काय झालं, ते मी ताईंना सावकाश विचारलं. त्याच संध्याकाळी झिंगे उलटे पडून पाय झाडायला लागले. रात्री टेट्रा मासे वेड्यासारखे काचेवर आदळायला लागले, मग कलंडले. आणि गोगलगाई? "त्या जिवंत राहिल्या, अजून आहेत." मला खूण पटली. प्राणवायू कमी पडला असता, तर मासे आधी वर येऊन तोंड उघडत राहिले असते. इथे आधी झिंगे, मग मासे आणि गोगलगाय मात्र ठणठणीत. सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनच्या गटातली औषधं पाण्यात गेली की असंच होतं. झिंगे कीटकांच्याच नात्यातले. माशांच्या शरीराला हे औषध फोडून निकामी करणं फारसं जमत नाही. गोगलगाईला ते त्या मानाने कमी बाधतं.

टँक तर झाकलेला होता. मी खाली वाकून बघितलं. टेबलाखाली, फरशीवर, भिंतीला लागून एअर पंप घरघरत होता. फवारणीवाले झुरळांसाठी नेमका तोच कोपरा भिजवतात. ताईंनी वरून चादर टाकली, पण माशांचा श्वास कोंडेल म्हणून पंप चालू ठेवला होता. छोटा पंपसुद्धा मिनिटाला दोनेक लिटर हवा ओढतो. तीन तासांत साडेतीनशे लिटर, म्हणजे फवाऱ्याच्या बारीक थेंबांनी भरलेली खोलीतली हवा एअर स्टोनमधून थेट पाण्यात. बऱ्याच माशांना सायपरमेथ्रिन लिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅम इतकंसुद्धा जीवघेणं ठरतं. शंभर लिटर पाण्यासाठी हिशेब केला, तर ०.१ टक्क्याच्या तयार द्रावणाचे दोन ते चार थेंब. ताईंना मी ड्रॉपरने तेवढं पाणी तळहातावर टाकून दाखवलं. त्या बराच वेळ हाताकडे बघत राहिल्या.

पंप बंद ठेवायला सांगणं सोपं आहे आणि तास-दोन तासांचं काम असेल, तर ते पुरतंही. पण त्यांच्या टँकमधला स्पंज फिल्टर पंपाच्याच हवेवर चालतो. मासेही दाटीने होते. वरून प्लास्टिक लावून पंप दुपारभर बंद ठेवला, तर विषाऐवजी गुदमरून मरायचे. म्हणून मी लांब नळी आणली. पंप शेवटच्या बेडरूमच्या उघड्या खिडकीत ठेवला, त्या खोलीचं दार नळीपुरती फट सोडून बंद केलं आणि नळी हॉलमधल्या टँकपर्यंत आणली. मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. तो नसला आणि पंप पाण्याच्या पातळीखाली असला, तर वीज जाताच पाणी उलटं पंपात येतं. टँकवर स्वच्छ प्लास्टिक ताणून सगळ्या कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि मागच्या बाजूला बोटभर फट मुद्दाम ठेवली. आत ताजी हवा येत राहते आणि फटीतून बाहेर जात राहते, त्यामुळे खोलीतल्या हवेला आत शिरायला वाव राहत नाही. दिवा बंद, त्या दिवशी खाणं बंद. विष शोषून घेणाऱ्या ओल्या कार्बनची पिशवी मात्र हाताशी ठेवली. झिंगे थरथरले, तर ती लगेच फिल्टरजवळ टाकायची आणि निम्मं पाणी बदलायचं.

पक्ष्यांबद्दल ताई निर्धास्त होत्या. बाल्कनी उघडी, मोकळी हवा, वरून चादर टाकू. मी त्यांना स्वयंपाकघराच्या एक्झॉस्ट फॅनचं तोंड दाखवलं. ते पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर उघडत होतं. आत फवारलेलं सगळं तिथूनच बाहेर पडणार होतं. पक्ष्याच्या फुफ्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, श्वास सोडतानाही हवेतून प्राणवायू शोषला जातो. म्हणून हवेतली वाफ त्याला आपल्यापेक्षा फार लवकर लागते. बऱ्याचदा मूळ औषधापेक्षा त्यातला द्रावक जास्त त्रास देतो आणि चादरीतून वाफ आरपार जाते. मासे जागेवर झाकता येतात, पक्षी नाही. पिंजरा, भांडी, दाण्याचा डबा, सगळं मी औषध कालवायच्या आधीच शेजारी गेलं.

गेकोची गोष्ट वेगळी. त्याच्या पेटीला वर जाळी. जाळीवर प्लास्टिक टाकावं आणि आतला उष्णतेचा दिवा चालू राहावा, तर पेटी तापते, प्लास्टिक वितळू शकतं. दिवा बंद ठेवला, तर प्राणी गारठतो. त्यामुळे गेकोलाही भोकांच्या छोट्या डब्यात शेजारी हलवला. मुलाच्या खोलीत मी काहीच फवारणार नव्हतो, तरी त्याची पाण्याची वाटी उचलायला लावली आणि पेटी झाकून ठेवली.

मग मुलाला विचारलं, "रातकिडे कुठे ठेवतोस?" तो स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याखालच्या कपाटातून डबा काढून आणला. आत पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे, त्यावर गेकोच्या खाण्याचे रातकिडे. माझ्या यादीत औषध मारायची पहिली जागा तेच कपाट होतं. रातकिडे लगेच मेले असते, तर निदान कळलं असतं. थोडंसं औषध लागून अर्धवट जिवंत राहिलेला किडा गेकोच्या पोटात जाणं जास्त वाईट. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीरातून ही औषधं सावकाश बाहेर पडतात आणि थरथर सुरू झाली की घरी करण्यासारखं काही उरत नाही, प्राण्यांच्या डॉक्टरांकडेच धावावं लागतं. मी तो डबाही शेजारी पाठवला.

हॉलमध्ये फक्त झुरळांनी खायचं विषारी जेल, बिजागरीत आणि फटींत ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके. जेल हवेत उडत नाही. फवारणी फक्त स्वयंपाकघरात, तीही धुक्यासारखी नाही. कमी दाबाने, बारीक धारेच्या नोझलने फटींच्या आत. दाराखाली ओला टॉवेल, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. हवा हॉलकडे न येता बाहेर जावी, यासाठी.

काम संपल्यावर सगळं वाळेपर्यंत थांबलो, मग खिडक्या सताड उघडून संध्याकाळपर्यंत पंखे चालवायला लावले. टँकवरचं प्लास्टिक काढताना बाहेरची बाजू आत घडी करत गेलो, त्यावरची धूळ पाण्यात पडू नये म्हणून. त्याआधी हातमोजे काढून हात साबणाने धुतले होते. पक्षी आणि गेको दुसऱ्या दिवशी परत आले. वास गेला म्हणजे झालं, असं मी धरत नाही.

जाण्याआधी मुलाला सांगितलं, की पुढचे काही आठवडे गेकोला फरशीवर मोकळा सोडायचा नाही. जेल खाल्लेलं झुरळ मरायला उघड्यावर येतं, सुस्त चालतं आणि गेकोला असंच भक्ष्य पकडणं सोपं जातं.