तुम्ही विचारलंत म्हणून: नाणं तेच, चाल वेगळी

«नाणं दोन्हीकडे पन्नास-पन्नासचंच आहे ना? मग नाणं उडवून डावी-उजवीकडे एकेक घर चालणारा साधा वॉकर शंभर पावलांत दहा घरं सरकतो आणि क्वांटमवाला पन्नासच्या पुढे जातो, हा जादाचा वेग येतो कुठून?»

नाण्यात काही लबाडी नाही. साध्या वॉकरची पावलं एकमेकांना ओळखत नाहीत, क्वांटम वॉकरची ओळखतात, आणि सगळा फरक तिथेच पडतो. एवढंच सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि आठवड्याने तोच प्रश्न घेऊन परत येतो. म्हणून हल्ली मी सरळ चौकटीची वही पुढे ओढतो.

आधी साधा वॉक उरकून घेऊ. छापा पडला तर एक घर उजवीकडे, काटा पडला तर एक घर डावीकडे. ‘रँडम वॉक’ हे नाव १९०५ मध्ये कार्ल पिअर्सन यांनी ‘नेचर’मध्ये विचारलेल्या एका प्रश्नातून रूढ झालं. आपण किती दूर गेलो हे मोजायला एकूण अंतराचा वर्ग करायचा. तो उलगडला की दोन तऱ्हेची पदं निघतात. एक म्हणजे प्रत्येक पावलाचा स्वतःचा वर्ग, जो नेहमी १ असतो. दुसरी म्हणजे पावलांच्या जोड्यांचे गुणाकार: पहिलं गुणिले दुसरं, तिसरं गुणिले सातवं, वगैरे. एका टॉसचा दुसऱ्याशी काही संबंध नसल्यामुळे हे गुणाकार कधी +१, कधी −१ येतात आणि त्यांची सरासरी शून्य होते. उरतात फक्त स्वतःचे वर्ग. शंभर पावलांना सरासरी वर्ग शंभर, त्याचं वर्गमूळ दहा. जोड्यांचे हे गुणाकार लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरते.

आता क्वांटम. वहीत प्रत्येक घरात दोन आकडे लिहायचे, एक ‘उजवा’ आणि एक ‘डावा’. हे अँप्लिट्यूड, म्हणजे ते ऋणही असू शकतात. संभाव्यता हवी असेल तर त्यांचे वर्ग करून बेरीज करायची. पाऊल टाकताना आधी नाणं फिरतं: नवा उजवा म्हणजे जुन्या दोघांची बेरीज, नवा डावा म्हणजे जुना उजवा वजा जुना डावा, दोन्ही भागिले √२. या नाण्याला हादामार्द नाणं म्हणतात. मग सगळे उजवे आकडे एक घर उजवीकडे आणि डावे आकडे एक घर डावीकडे सरकवायचे. झालं एक पाऊल. √२ सतत लिहायचा कंटाळा येतो, म्हणून मी पूर्णांकच लिहितो आणि शेवटी वर्गांना २, ४, ८, १६ असं भागतो.

शून्य घरात उजवा १ घेऊन निघा. पहिल्या पावलानंतर +१ घरात उजवा १, −१ घरात डावा १. दुसऱ्या पावलानंतर +२ घरात उजवा १, −२ घरात डावा −१, आणि शून्य घरात उजवा १ व डावा १ असे दोघेही. संभाव्यता १/४, १/२, १/४. इथपर्यंत साध्या वॉकचेच आकडे आहेत, त्यामुळे दोनच पावलं करून थांबणाऱ्याला काहीच वेगळं दिसत नाही.

तिसऱ्या पावलाला शून्य घराकडे नीट बघा. तिथे दोन वाटांनी आलेले दोन आकडे बसले आहेत: एक उजवीकडे जाऊन परतलेला, दुसरा डावीकडे जाऊन परतलेला. नाणं फिरलं की नवा उजवा होतो १ + १ = २ आणि नवा डावा १ − १ = ०. म्हणजे या घरातून डावीकडे कुणी जातच नाही, सगळा माल उजवीकडे. चारही घरांचे वर्ग केले की उजवीकडून डावीकडे १/८, ५/८, १/८, १/८ येतात. साध्या वॉकमध्ये १/८, ३/८, ३/८, १/८ असतात.

आता हेच तिसरं पाऊल टाकायच्या आधी कुणीतरी नाणं ‘उजवं’ आहे की ‘डावं’ हे बघून घेतलं समजा. मग शून्य घरातले ते दोन आकडे एकमेकांत मिसळू शकत नाहीत. प्रत्येकाची वेगळी फाटाफूट होते, वर्ग वेगवेगळे करून मग बेरीज होते आणि ५/८ चे पुन्हा ३/८ होतात. नाणं तेच, पाऊल तेच, फक्त मधे डोकावलं. प्रत्येक पावलाला डोकावत राहिलात तर हा वॉक साधाच वॉक होऊन जातो, अगदी तंतोतंत.

पण ‘तिसऱ्या पावलालाच वेग वाढला’ असं म्हणू नका. मीही पूर्वी वर्गात असं म्हणायचो. अंतराच्या वर्गाची सरासरी काढून बघा: (९ + ५ + १ + ९)/८ = ३. साध्या वॉकचीही ३. आकडे एका बाजूला झुकलेत, पण सुरुवातीच्या घरापासून पसारा वाढलेला नाही. चौथ्या पावलाला घरांमधले आकडे सोळाव्या हिश्श्यात १, १०, २, २, १ असे येतात आणि सरासरी वर्ग होतो ५. साध्याचा ४. जोड्यांच्या गुणाकारांची बेरीज इथे पहिल्यांदा शून्याच्या वर डोकं काढते. पाचव्या पावलाला ८ येतात. १, २, ३, ५, ८ असं वहीत दिसल्यावर मी एकदा भलताच खूश झालो होतो. ही तर फिबोनाची मालिका! सहाव्या पावलाला १३ हवे होते, आले ११.२५. तो आनंद तिथेच संपला. साध्या वॉकचा आकडा मात्र तिथे अजून ६ वरच असतो.

पुढे हा सरासरी वर्ग पावलांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, साधारण ०.२९ गुणिले पावलांचा वर्ग. नेमका आकडा १ − १/√२. शंभर पावलांना वर्गमूळ येतं ५४ च्या आसपास. साध्या वॉकरला तेवढं जायचं तर जवळपास २९०० पावलं टाकावी लागतील.

हे वर्गाच्या पटीत का वाढतं? शंभर पावलांमध्ये जोड्या असतात ४९५०. जोडीतली पावलं एकमेकांना लवकर विसरत असतील, म्हणजे पाचवं पाऊल सहाव्याला ओळखतं पण पन्नासाव्याला ओळखत नाही असं असेल, तर बेरीज पावलांच्याच पटीत राहील, गुणक तेवढा बदलेल. वर्गाच्या पटीत वाढायचं तर दूरदूरच्या जोड्यांमधला संबंधही टिकून राहायला हवा. क्वांटम वॉकमध्ये तो टिकतो, कारण प्रत्येक घरात नियम सारखाच आहे आणि मधे कुणी डोकावत नाही. अशा वेळी घरांवर पसरलेली एखादी लाट घेतली तर ती त्याच लांबीची लाट राहते आणि आपल्या ठरलेल्या वेगाने चालत राहते. शून्य घरातून निघालेला वॉकर म्हणजे सगळ्या लांबींच्या लाटांची मोळी. कुठली उजवीकडे, कुठली डावीकडे, कुठली अगदी हळू. पण प्रत्येकीचा वेग कायम, आणि कायम वेगाने जाणाऱ्याचं अंतर वेळेच्या पटीत वाढणारच.

त्यातल्या सगळ्यात वेगवान लाटा दर पावलाला १/√२ म्हणजे सुमारे ०.७१ घर जातात. त्या वेगाच्या जवळपासच्या लाटा बऱ्याच असतात, म्हणून शंभर पावलांनंतरच्या आलेखात ७० च्या अलीकडे उंच शिखर दिसतं आणि त्यापलीकडे आलेख झपाट्याने शून्याकडे कोसळतो. साध्या वॉकचं टेकाड मधोमध असतं, इथे मधे पठार आणि गर्दी कडेला.

घरी प्रोग्रॅम लिहून बघणार असाल तर दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे वजाचं चिन्ह. नाण्यातला तो वजा विसरलात तर दोन पावलं सगळं बरोबर दिसतं, तिसऱ्याला एकूण संभाव्यता १२/८, म्हणजे दीड येते. बेरीज दर पावलाला १ येते का, हे म्हणूनच तपासत राहायचं. दुसरं, आलेख एकीकडे कललेला दिसला की लोक चूक शोधत बसतात. मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली आहे. चूक नसते. आपण ‘उजवा १’ घेऊन निघालो म्हणून तो कल येतो. दोन्ही बाजू सारख्या हव्या असतील तर सुरुवातीला उजव्यात १/√२ आणि डाव्यात i/√२ घ्या. i म्हणजे −१ चं वर्गमूळ, म्हणून संभाव्यता काढताना वास्तव भाग आणि i चा भाग यांचे वर्ग वेगवेगळे करून बेरीज करायची. तो i वास्तव आकड्यांत मिसळत नाही, त्यामुळे दोन्ही कल एकमेकांना झाकतात. सुरुवातीच्या घरापासूनचा सरासरी वर्ग मात्र दोन्हीकडे तोच राहतो.

हे फक्त वहीतलं नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या बॉन इथे एका गटाने लेझरच्या प्रकाशाने तयार केलेल्या घरांच्या रांगेत सीझियमचा एकेक अणू असा चालवून दाखवला. अणूच्या दोन आंतरिक अवस्था म्हणजे नाणं. बाहेरचा गोंगाटही डोकावण्याचंच काम करतो, त्यामुळे क्वांटम वॉक हळूहळू साध्या वॉककडे कसा झुकतो हेही त्यांना तिथेच बघता आलं. समजा सरासरी वीस पावलांतून एकदा कुणी नाणं बघतं. मग वीसेक पावलं वॉकर वेगात जातो आणि त्यापुढे त्याचा पसारा पुन्हा वर्गमुळाच्याच चालीने वाढतो, फक्त पावलं लांब पडल्यासारखी.

प्रत्येक घरातला नियम थोडा वेगवेगळा आणि कायमचा ठेवला, तर गोष्ट अजून फिरते. लाटांचा ठरलेला वेग मोडतो, परतून आलेले तुकडे एकमेकांना खोडत राहतात आणि वॉकर सुरुवातीच्या घराभोवतीच अडकून पडतो. साधा वॉकर तोवर रखडत का होईना, त्याच्या पुढे निघून जातो.

वर्गात यावर कुणीतरी हमखास विचारतं की हे लाटांचंच काम असेल तर टॉर्चच्या प्रकाशानेही होईल का. टॉर्चने नाही, पण लेझर, आरसे आणि अर्धा प्रकाश आरपार सोडणाऱ्या काचा घेऊन होईल. एका रेषेवरच्या एकट्या वॉकरचा हा सगळा वेग साध्या प्रकाशलाटाही दाखवतात.