भैरवी विश्वामित्रीला

संध्याकाळच्या मेमूत भरूचला चढल्याचढल्या कोणी गायला लागली, तर आमच्या लेडीज डब्यातल्या बायका तिला नुसत्या डोळ्यांनी गप्प करतात. त्या वेळी जीव दोनच गोष्टींत असतो: पाय टेकायला जागा आणि पर्स पुढे ओढून घ्यायला मोकळा हात. कोणी शाळेतून आलेली असते, कोणी दवाखान्यातून, कोणी दहेजच्या कंपनीच्या बसमधून उतरून थेट फलाटावर धावलेली. नबीपूर मागे पडेपर्यंत भाजीचे भाव, घरी करायचे फोन आणि मोबाइलवर मोठ्यांदा रील्स लावणाऱ्या एखादीला दिलेली समज, यापलीकडे डब्यात काही चालत नाही. गाणं सुरू होतं ते पालेज आलं की.

भरूच ते बडोदा सत्तरेक किलोमीटर. जलद गाड्यांना वाट देत, प्रत्येक लहान स्टेशनावर थांबत जाणाऱ्या गाडीला हे अंतर कापायला बराच वेळ लागतो, म्हणून तर मधे गाणी मावतात. अप-डाऊन करणाऱ्या पासवाल्यांच्या मंडळ्या पुरुषांच्या डब्यांतही आहेत. त्यांच्याकडे मंजिरे असतात, माता की जय असते आणि खिडकीशी कोण बसणार यावरून भांडणंही असतात. आमच्याकडे वाद्य म्हणून स्टीलचा डबा आहे.

गाणं धरतात त्या मावशी. माहेर बडोद्याच्या मराठी वस्तीतलं, दांडिया बाजारचं, सासर गुजराती, त्यामुळे बोलणं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. त्यांनी थोडी वर्षं रीतसर गाणं शिकून घेतलंय. मौलाबक्षांनी १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा काढली, तिचंच पुढे विद्यापीठातलं कॉलेज झालं. तिथे मावशींची हजेरी होती. त्याचा फायदा आम्हाला ताना-आलापांपेक्षा वेगळ्याच ठिकाणी होतो: कुठलं गाणं आधी आणि कुठलं नंतर, हे त्यांना कळतं.

पहिलं गाणं त्या कधीही उडतं घेत नाहीत. एकदा एका नव्या मुलीने फार उत्साहाने पहिल्याच झटक्याला नवरात्रीतला जोरदार गरबा काढला. साथ द्यायला चारच टाळ्या पडल्या. बाकीच्या बायकांनी ओढण्या नीट केल्या आणि खिडकीबाहेर पाहिलं. मावशींनी तिला दुखावलं नाही. म्हणाल्या, "बेटा, हे छानच आहे, पण करजणनंतर हं." मग त्यांनी ठाय लयीत एक अभंग घेतला, तोही जवळजवळ बोलल्यासारखा. दोन ओळींनंतर पाठीमागून कोणीतरी ध्रुपद धरलं, आणि पुढच्या फेरीला अर्धा डबा गात होता.

संगीतोपचारात याला आयसो तत्त्व म्हणतात. आल्टशूलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९४० च्या दशकात ते मांडलं. माणूस ज्या मनःस्थितीत आहे, तिच्याशी जुळणारं संगीत आधी द्यायचं आणि तिथून पायरीपायरीने त्याला हवं तिथे न्यायचं. थकलेल्या माणसाला एकदम आनंदी गाणं ऐकवलं, तर तो आनंद त्याला परक्याचा वाटतो, कधी चक्क राग येतो. मावशींनी हे पुस्तकात वाचलेलं नाही. त्या म्हणतात, "आधी बाईच्या शेजारी बसावं, मग तिला उठवावं."

आता गर्दीच्या गाडीत कुठलंही संथ गाणं चालतं का? तर नाही, आणि इथे मला माझ्या आवडीची बरीच गाणी सोडावी लागली. भावगीत घरी रेडिओवर कितीही काळजाला भिडो, गाडीत ते फुकट जातं. चाकांचा आणि मोटारीचा घरघराट खालच्या पट्टीतला असतो, तो खर्जातले आणि हलके सूर गिळून टाकतो. शब्दांवरची नाजूक हरकत तिसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही. टिकतं ते आखूड ओळीचं आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या ध्रुपदाचं गाणं. एकीने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती परत म्हणायची. अशा गाण्यात कडवं पाठ नसलं तरी कोणी उघडं पडत नाही. वारकऱ्यांचा गजर आणि गुजरातचा गरबा दोन्ही याच घडणीचे आहेत, म्हणून आमच्या डब्यात ज्ञानोबा-तुकाराम आणि पावागडची महाकाळी यांचं एकमेकांशी छान जमतं.

ठेक्याचंही तसंच. एकदा कोणीतरी छोटी ढोलकी आणली होती, पण तिच्या डग्ग्याचा घुमारा गाडीच्या घरघरीत मिसळून गेला, नुसती शाई ऐकू येत होती. स्टीलच्या डब्याचं तसं होत नाही. त्याचा आवाज बारीक आणि टोकदार, तो घरघरीच्या वरून जातो. पण डबा रिकामा हवा, आत उरलेली पोळी असली की आवाज बसतो. झाकण अर्धवट फिरवून सैल ठेवलं की मधल्या बोटाच्या टिचकीबरोबर ते किंचित खुळखुळतं, टाळाची हौस भागते. उभ्या असलेल्या बायकांना टाळी द्यायला दोन हात मोकळे मिळत नाहीत, त्या वरच्या दांड्यावर अंगठी वाजवतात. आठ मात्रांच्या भजनी ठेक्याला हे दोन आवाज पुरतात.

पूर्वी एक ठेका गाडी स्वतःच देत असे. जुने रूळ तेरा मीटरचे असत, जोडावर फट असायची आणि बोगीची दोन चाकं तिच्यावरून पाठोपाठ गेली की तो ओळखीचा खडड-खट आवाज यायचा. हिशेब करून बघा: गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली, तर मिनिटाला साधारण ७७ जोड लागतात. ही अगदी मध्यलय झाली, रमतगमत चालणाऱ्या माणसाची. ताशी ९० झाली की तेच ११५ होतात, म्हणजे गाडीने वेग घेतला की मंडळीची लयही आपसूक चढायची. आता रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब सलग केलेले असतात. तो आवाज उरला आहे तो स्टेशनाजवळच्या सांध्यांवर, जिथे गाडी रूळ बदलते, आणि तिथे तर तो वेडावाकडा येतो, चालू गाण्याची लय मोडतो. जुन्या पासवाल्या म्हणतात, हल्लीच्या गाडीत गाणं जड जातं. त्यांचं रडगाणं वाटतं खरं, पण त्यात तथ्य आहे. सगळी लय आता आपल्यालाच आणावी लागते.

(करजणला उतरून जाणाऱ्या एका शिक्षिका बाई सांगतात की मियागाम-डभोई ही नॅरोगेज लाइन १८६२ साली सुरू झाली, तेव्हा तिथे गाड्या बैल ओढत. बैलांच्या गळ्यात घुंगरं असतील तर ठेक्याची सोय बरी होती.)

सगळ्यात जास्त गाणी मात्र पट्टीमुळे मरतात. पेटी नसते, तंबोरा नसतो, जी सुरू करते ती स्वतःच्या सोयीने सूर धरते. ध्रुपद खालच्या सुरांत असतं, सगळ्या मजेत म्हणतात. अंतरा तार षड्जाकडे जायला लागला की मग कळतं. याची खूण अगदी सोपी: ध्रुपदाला गरजणारा डबा अंतऱ्याला ओठ हलवतो आणि आवाज एकटीचाच उरतो. दोनदा असं झालं की बायका मोबाइल काढतात आणि गाणं संपतं. मावशींचा स्वतःचा आवाज काळी पाचला सुखाने लागतो, पण डब्यात त्या काळी तीनच्या वर जात नाहीत. दिवसभर वर्गात ओरडून आलेल्या, चहावर दिवस काढलेल्या घशांना तेवढंच झेपतं. वर त्यांची एक युक्ती आहे: गाणं धरण्याआधी त्या अंतऱ्याची सर्वांत उंच ओळ स्वतःशीच गुणगुणून बघतात आणि तिथून खाली उतरत ध्रुपदाचा सूर ठरवतात. आम्ही सगळ्या उलटं करत होतो.

करजणला डबा थोडा सैल होतो आणि लय चढते. इथे भजनी ठेका सुटून गरब्याचा हींच येतो. हींच सहा मात्रांचा. आठ मात्रांत चाललेलं अंग सहांवर आलं की झोका बदलतो आणि टाळी तीन-तीनवर पडायला लागते. हलायला जागा नसते, पण टाचा मोकळ्या असतात. उभ्या बायका टाचा उचलतात, आपटतात. दुपारी साहेबांचं बोलणं खाऊन आलेली एखादी, जिने पालेजपर्यंत मान वर केलेली नसते, ती इटोल्याच्या आत टाच आपटायला लागलेली मी पाहिली आहे. तिचे साहेब काही बदललेले नसतात. उद्याही तेच बोलणार. पण त्यांचं वाक्य डोक्यात जे गोल गोल फिरत असतं, त्याच्या जागी दुसरं काहीतरी गोल फिरायला लागतं आणि एका वेळी डोक्यात एकच मावतं.

मकरपुरा आलं की नवं गाणं धरायचं नाही, कारण बायका दरवाजाकडे सरकायला लागतात. मग मावशी भैरवी घेतात. बडोद्यात भैरवीचं नाव काढलं की जुनी माणसं आधी फैयाजखाँसाहेबांची आठवण काढतात. दरबाराचे गवई, आणि भैरवीतली त्यांची ठुमरी ऐकलेल्यांना दुसऱ्याची सहज पटत नसे. मावशी असलं धाडस करत नाहीत, भैरवीतलं साधं भजन म्हणतात, दोन कडव्यांचं. विश्वामित्रीला ते बरोबर संपतं. तिथे अर्ध्याअधिक बायका उतरतात, "आवजो", "येते गं" होतं, आणि भैरवीनंतर गायचं नाही हा नियम असल्यामुळे उरलेल्या गप्प बसतात.

गेल्या आठवड्यात विश्वामित्री सोडली आणि गाडी सिग्नलला उभी राहिली. पंखे चालू, गाडी बंद. पाच मिनिटं, दहा मिनिटं. घरी कुकर लावायचा आहे, मुलाचा क्लास सुटला असेल, रिक्षा मिळेल की नाही, असं सगळ्या तोंडांवर दिसायला लागलं, म्हणजे भरूचला होतं तेच. त्या नव्या मुलीने मावशींकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, "भैरवी झाली ना गं."

"ती विश्वामित्रीवाल्यांची झाली मावशी," मुलगी म्हणाली, "आपण बडोद्याच्या."

मावशींनी क्षणभर विचार केला, ओठांतल्या ओठांत एक वरची ओळ म्हणून पाहिली आणि डबा पुन्हा पिशवीतून बाहेर काढला.