रोलिंग हॅश, नोंद ७: ‘कोल्हापूर’ शोधलं आणि ‘संरक्षण’ सापडलं

मंडळी, बाबांच्या डायऱ्यांतली 2005 आणि 2019 च्या महापुराची पानं टाइप करून झाली आणि त्यांवर मागच्या वेळचा राबिन-कार्प चालवला, म्हणजे बाइटांवरून काढलेला आकडा, हॅश, जुळवून शब्द शोधणारा प्रोग्रॅम. वेळ मोजायला, हॅश जुळल्यावर बाइट ताडून बघणारं `memcmp` तात्पुरतं बंद केलं होतं. ‘कोल्हापूर’ शोधलं तर सोलापूर, महापूर, दूर, मजूर असं सगळंच रंगून आलं. ‘पूर’शी काहीतरी संबंध आहे एवढं कळलं, पण ‘संरक्षण भिंत’मधलं ‘संर’ का रंगलं ते कळेना. त्यात दोन रात्री गेल्या.

शेवटी बाइट छापून बघितले. ‘ूर’ म्हणजे `E0 A5 82 E0 A4 B0` आणि ‘ंर’ म्हणजे `E0 A4 82 E0 A4 B0`. शेवटचे चार बाइट दोन्हीकडे तेच, `82 E0 A4 B0`! माझा बेस 256 होता आणि हॅश `uint32_t` मध्ये, म्हणजे मॉड्युलस आपोआप 2^32. 256^4 बरोबर 2^32, त्यामुळे शेवटून पाचव्या बाइटपासून मागचं सगळं शून्याने गुणलं जात होतं. ‘कोल्हापूर’चे 27 बाइट, पण हॅशला दिसत होते फक्त चार. ओळखायची खूण सोपी आहे: m म्हणजे शोधायच्या शब्दाचे बाइट, तर 256^(m-1) ची किंमत छापा. माझ्याकडे शून्य आली.

आता मॉड्युलस M मूळ संख्या 1000000007 आहे, बेस B दर वेळी रँडम, p म्हणजे B^(m-1) % M, मजकूर t `uint8_t` मध्ये, आणि बाकी सगळे चल `uint64_t`:

```c
h = (h + M - t[i] * p % M) % M;
h = (h * B + t[i + m]) % M;
```

पहिल्या ओळीतला `+ M` गाळू नका. वजाबाकी शून्याखाली गेली की अनसाइन्ड चल गरगर फिरून भलतीच संख्या देतो आणि खरी जुळणी हातची जाते. खोटी जुळणी तपासणीत पकडता येते, हुकलेली कुठेच दिसत नाही.

`memcmp` परत चालू केलं आहे. मूळ संख्येच्या मॉड्युलसनेही टक्कर अशक्य होत नाही, दुर्मीळ होते. हॅश जुळला की ती जागा फक्त उमेदवार, 27 बाइट जुळले तरच जुळणी. उमेदवार आणि खऱ्या जुळण्या असे दोन काउंटर मात्र कायम ठेवणार. तपासणी चालू असताना खोट्या जुळण्या गाळल्या जातात, म्हणून हॅशच्या टकरा वाढल्यात हे त्या दोन आकड्यांतल्या फरकावरूनच कळतं. काल रात्री दोन्ही आकडे पहिल्यांदा सारखे आले तेव्हा काय आनंद झाला!

पुढे स्टॉपवॉच लावायचा बेत होता, पण हे लिहितानाच लक्षात आलं की ‘कोल्हापुरात’, ‘कोल्हापुरी’ मला सापडतच नाहीत, कारण तिथे उकार ऱ्हस्व. ‘कोल्हापुर’ही 27 बाइटचाच! म्हणजे मजकुरावरून 27 बाइटची खिडकी एकदाच सरकवायची आणि दोन हॅशशी ताडून बघायची. वेळ मोजणं नंतर, आधी हे.